गोळ्या लागू पडल्या नाहीत तेव्हा: सिकलसेलचा वाहक असलेल्या एका शेतकऱ्याचे प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात कोरडवाहू कापूस आणि तूर घेणारे ५४ वर्षांचे एक गृहस्थ तालुक्याच्या दवाखान्यात शुगरच्या तपासणीसाठी नियमितपणे येत असत. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह होता, रक्तदाबाची एक गोळी सुरू होती आणि तंबाखू त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडली होती. मूळ तक्रार त्यांनी अनेक भेटींमध्ये सांगितलीच नव्हती. एके दिवशी कागद गोळा करून उठता उठता ते म्हणाले, "डॉक्टर, ते गोयी खाऊन काहीच फरक नाही पडून राह्यला." कोणती गोळी, असे विचारल्यावर त्यांनी खिशातून सिल्डेनाफिलची रिकामी पट्टी काढून टेबलावर ठेवली.

ताठरतेची अडचण सुमारे तीन वर्षांपासून होती आणि ती हळूहळू वाढत गेली होती. इच्छा शाबूत होती, परंतु लिंगाला संबंधापुरता ताठरपणा येत नव्हता आणि पहाटे आपोआप येणारी ताठरताही जवळपास बंद झाली होती. मधुमेहात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही खराब होतात, त्यामुळे हे चित्र अपेक्षित होते. या रुग्णांमध्ये गोळीला मिळणारा प्रतिसादही इतरांपेक्षा मुळातच कमी असतो. आठवडी बाजारात तंबू टाकून बसलेल्या एका वैदूकडून त्यांनी एक महागडे चूर्णही घेतले होते. त्यात काय होते हे कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून ते आधी बंद करायला सांगितले.

गोळी खरोखर निकामी ठरली होती का

'गोळी लागू पडत नाही' हे वाक्य जसेच्या तसे मान्य करणे घाईचे ठरते. हे गृहस्थ मेडिकलमधून ५० मिलिग्रॅमची सिल्डेनाफिल चिठ्ठीविना घेत, रात्री पोटभर जेवण झाल्यावर ती गिळत आणि अर्ध्या तासात काही घडले नाही की झोपून जात. तेलातुपाच्या जेवणानंतर ही गोळी रक्तात उशिरा व कमी उतरते. शिवाय गोळी स्वतःहून ताठरता आणत नाही. लैंगिक उत्तेजना असेल तरच तिचे काम सुरू होते. पत्नीला काहीही न सांगता गोळी घेऊन वाट पाहत पडून राहण्याने ती अट पूर्ण होत नव्हती.

म्हणून गोळीला आधी रीतसर संधी द्यायचे ठरले. त्यापूर्वी दोन गोष्टी पाहिल्या. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची किंवा इतर कोणतीही नायट्रेटची गोळी ते घेत नव्हते. घेत असते तर सिल्डेनाफिल देताच आले नसते, कारण दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. दुसरे म्हणजे ईसीजी काढून आणि चालण्याचा दम पाहून हृदय या श्रमाला तयार आहे याची खात्री केली. मधुमेही माणसातील ताठरतेची तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या आधी काही वर्षे दिसते, हेही त्यामागचे कारण होते.

त्यानंतर सिल्डेनाफिल १०० मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी, संबंधाच्या एक तास आधी, आणि निदान सहा वेगवेगळ्या प्रसंगी, असे ठरवून दिले. त्याने अर्धवट ताठरता आली, पण प्रवेशापुरती नाही. मग जेवणाचा फारसा परिणाम न होणारी टॅडालाफिल २० मिलिग्रॅम देऊन पाहिली, निकाल तोच. सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन ४१० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे पुरेसे होते. ते कमी असते तर ते भरून काढल्यावर गोळीने पुन्हा काम करण्याची शक्यता होती, पण तो दरवाजाही येथे बंद झाला. तीन महिन्यांची शुगर मात्र ९.६ टक्के होती आणि पुढे हाच आकडा निर्णायक ठरला.

डॉपलरच्या चिठ्ठीपाशी थांबलेला निर्णय

येथपर्यंतचा प्रवास नेहमीचा होता. पुढची चिठ्ठी नागपूरच्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या नावे लिहिताना लिंगातील रक्तप्रवाह पाहणारी कलर डॉपलर सोनोग्राफी सुचवण्यात आली. ही तपासणी लिंगात औषधाचे इंजेक्शन देऊन, कृत्रिम ताठरता आणून केली जाते. म्हणजे 'फक्त सोनोग्राफी' असे वाटणारी ही तपासणी प्रत्यक्षात इंजेक्शनच्या उपचाराचा पहिला डोसच असते, आणि इंजेक्शनला जी बंधने आहेत ती तिलाही लागू होतात.

चिठ्ठी लिहीत असतानाच घरात कोणाला सिकलसेल आहे का, असे विचारले गेले. पुतण्याच्या मुलाला 'एसएस', म्हणजे सिकलसेलचा आजार, असल्याचे कार्ड मिळाले आहे, असे उत्तर आले. विदर्भात हा प्रश्न नेमाने विचारायला हवा, कारण चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ या पट्ट्यातील अनेक समाजांमध्ये सिकलसेलचे जनुक आढळते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते. ताठरतेची तक्रार घेऊन येणारे बहुतेक पुरुष त्या वयाच्या पुढचे असतात, म्हणून मुला-नातवंडांकडे कार्ड असले तरी आजोबांकडे ते नसते. या गृहस्थांची सोल्युबिलिटी चाचणी सकारात्मक आली आणि पुढच्या एचपीएलसी तपासणीत ते 'एएस', म्हणजे वाहक, असल्याचे स्पष्ट झाले. त्यांना स्वतःला कधीच त्रास झालेला नव्हता.

लिंगात घुसलेले रक्त बाहेर न पडता अडकून राहिले, तर तेथील प्राणवायू संपतो आणि प्राणवायू संपलेल्या रक्तातच सिकलसेलच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. वाकलेल्या पेशी बारीक शिरा आणखी बंद करतात. म्हणूनच सिकलसेलच्या रुग्णांना कोणतेही औषध न घेताही तासन्‌तास न उतरणारी, दुखणारी ताठरता येते. वाहकात हा धोका आजाराच्या तुलनेत फार कमी असतो, तरीही आल्प्रोस्टाडिल या इंजेक्शनच्या माहितीपत्रकात ज्या व्यक्तींना ते देऊ नये त्यांत सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक दोघांचाही उल्लेख आहे.

विचारात घेतलेले पर्याय

पत्नीला सोबत घेऊन येण्याची विनंती केली गेली आणि पुढची चर्चा दोघांसमोर झाली. पर्याय तीन होते: लिंगात घ्यायचे इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप आणि इम्प्लांट. त्यांपैकी इंजेक्शनचा विचार सर्वांत जास्त वेळ चालला, कारण एरवी याच रुग्णाला ते प्रथम सुचवले गेले असते.

इंजेक्शनचे औषध मज्जातंतूंच्या संदेशाची वाट पाहत नाही. ते लिंगातील स्पंजासारख्या पेशीजालातील स्नायू थेट सैल करते आणि रक्त आत येते. त्यामुळे गोळी हरलेल्या मधुमेही रुग्णातही ते बहुतेकदा काम करते. आल्प्रोस्टाडिल किंवा पापाव्हेरिन ही त्यासाठीची परिचित औषधे आहेत. पहिला डोस नेहमी दवाखान्यातच, अगदी कमी मात्रेने (आल्प्रोस्टाडिलच्या बाबतीत अडीच ते दहा मायक्रोग्रॅम) देऊन पाहतात आणि पुरेशी पण तासाभरात उतरणारी ताठरता येईपर्यंत तो हळूहळू वाढवतात. मग रुग्णाला स्वतः टोचायला शिकवतात. इन्सुलिनच्या सिरिंजसारखी बारीक सुई लिंगाच्या बाजूला, मुळापासून मध्यापर्यंतच्या भागात, सरळ आत घालायची असते. वरच्या बाजूला नसा व शिरा असतात आणि खालच्या बाजूला मूत्रमार्ग, म्हणून तेथे टोचत नाहीत. दिसणारी शीर टाळायची, दर वेळी बाजू बदलायची आणि टोचल्यावर काही मिनिटे बोटाने दाबून धरायचे. चोवीस तासांत एकदाच आणि आठवड्यात तीनपेक्षा जास्त वेळा नाही, ही मर्यादा आहे. त्याच जागी वारंवार टोचत राहिल्यास आत गाठ धरते आणि लिंगाला बाक येतो. पापाव्हेरिनमध्ये हे अधिक दिसते.

खरा धोका ताठरता न उतरण्याचा आहे. चार तास झाले तरी ती उतरली नाही, तर ती आपत्कालीन अवस्था असते. सुईने अडकलेले रक्त काढावे लागते आणि रक्तदाबावर लक्ष ठेवून फेनिलेफ्रिनचे थोडे थोडे डोस लिंगात द्यावे लागतात. चोवीस तासांपलीकडे उशीर झाला तर पेशीजाल कायमचे खराब होण्याची शक्यता मोठी असते. हे काम करू शकेल असे रुग्णालय या घरापासून ८० किलोमीटरवर होते. रात्री नऊनंतर गावातून एसटी नव्हती आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ताच बंद पडत असे. वाहक असणे आणि हे अंतर, या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावर इंजेक्शनचा पर्याय मागे पडला. यांतली एकच अडचण असती तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता. वाहक नसलेल्या पण तितक्याच दूर राहणाऱ्या माणसाला, शेजारी गाडी आहे आणि रात्री फोन उचलणारा कोणी आहे अशी खात्री करून इंजेक्शन शिकवता येते. उन्हाळ्यातील ४५ अंशांचा पारा आणि भारनियमन यांमुळे औषध थंड ठेवण्याचा प्रश्न होताच, पण तो दुय्यम होता.

व्हॅक्यूम पंपामध्ये औषध नसते, रुग्णालयावरचे अवलंबित्व नसते आणि खर्च एकदाच येतो. इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने लिंगात कायमचे बसवायचे दांडे, हा सर्वांत खात्रीचा उपाय. पण तो परतीचा मार्ग ठेवत नाही. दांडे बसवताना आतले पेशीजाल दाबले आणि नष्ट केले जाते, त्यामुळे ते पुढे काढावे लागले तर गोळी किंवा इंजेक्शन पुन्हा उपयोगी पडण्याची आशा राहत नाही. ९.६ टक्के शुगर असताना जंतुसंसर्गाच्या भीतीने शस्त्रक्रिया तशीही लगेच होणार नव्हती. आधी पंप, त्याच काळात शुगर आटोक्यात आणणे आणि गरज राहिली तर इम्प्लांट, असा क्रम ठरला.

व्हॅक्यूम पंपाचे आठ महिने

हाताने चालवायचा, दाब मर्यादेत ठेवणारी झडप असलेला पंप साडेसहा हजार रुपयांना मिळाला. झडप नसलेले स्वस्त पंप ऑनलाइन मिळतात. ते घेऊ नयेत असे स्पष्ट सांगितले होते, कारण जास्त ओढीने कातडीखाली रक्त साकळते आणि फोड येतात.

पहिले प्रात्यक्षिक दवाखान्यात झाले. मुळाशी केस असतील तर नळी अंगाला चिकटत नाही आणि हवा आत शिरते, म्हणून केस कातरून यायला सांगितले होते. नळीच्या तोंडाला आणि लिंगाला पाण्यात विरघळणारे जेल लावायचे, नळी अंगावर घट्ट टेकवायची, काही हळू दाब द्यायचे, थोडे थांबायचे, पुन्हा दाब द्यायचे. तीन-चार मिनिटांत लिंग भरते. मग नळीच्या मुळाशी चढवून ठेवलेली रबरी रिंग लिंगाच्या बुडाशी सरकवायची आणि नळी काढायची. रिंग अर्ध्या तासाच्या आत काढलीच पाहिजे. या रुग्णासाठी वाहक असल्यामुळे ती मर्यादा वीस मिनिटांवर आणली आणि दुखू लागले तर तत्काळ रिंग काढायची, असे सांगितले. पहिले दोन आठवडे रिंगशिवाय नुसता सराव करायला दिला. ही पायरी गाळणारे रुग्ण पहिल्याच रात्री चिडून पंप कपाटात टाकतात.

पंपाने येणारी ताठरता नैसर्गिक ताठरतेसारखी नसते, हे आधीच सांगावे लागते. रक्त बाहेरून ओढून आणलेले आणि रिंगने अडवलेले असल्यामुळे लिंग थोडे निळसर आणि स्पर्शाला गार लागते. रिंगच्या मागचा भाग ताठ नसल्याने ते बुडाशी बिजागरीसारखे हलते आणि वीर्य रिंगपाशी अडते. पत्नीने दुसऱ्या भेटीत स्त्री परिचारिकेजवळ गारठ्याची तक्रार केली. रिंग चढवण्यापूर्वी कोमट पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळणे एवढ्या साध्या उपायाने ती बरीच कमी झाली. त्याच वेळी त्या म्हणाल्या, "मले एवढंच पाह्यजे का यायनं माझ्यापासून लपवू नये." आधीच्या तीन वर्षांत पतीला आपण नकोशा झालो आहोत, असा त्यांचा समज झाला होता.

दुसऱ्या महिन्यापासून बहुतेक वेळा संबंध शक्य होऊ लागले. परंतु शेतात दिवसभर काम केलेल्या, मधुमेहाने बधिर झालेल्या बोटांना ओल्या जेलमधून घट्ट रिंग सरकवणे जड जात असे. दोनदा कातडी चिमटली आणि एकदा बारीक लाल ठिपके उठले, जे काही दिवसांत आपोआप गेले. एका खोलीच्या घरात, पलीकडे सून आणि नातू झोपलेले असताना पंपाचा आवाजही त्यांना खटकत होता. आठव्या महिन्यात त्यांनी स्वतःच इम्प्लांटचा विषय काढला. तोवर शुगर ७.४ टक्क्यांवर आली होती.

इम्प्लांटचा निर्णय

नागपूरला दोन प्रकार समोर ठेवले गेले. फुगवता येणाऱ्या तीन भागांच्या इम्प्लांटमध्ये लिंगात दोन नळ्या, अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप आणि पोटात सलाइनची पिशवी बसवतात. पंप काही वेळा दाबला की लिंग ताठ होते आणि त्यावरची कळ दाबली की मऊ. दिसायला आणि वागायला ते नैसर्गिकतेच्या जवळचे, पण किंमत अनेक लाखांत जाते आणि यंत्र असल्यामुळे काही वर्षांनी बिघडू शकते. अर्धताठर इम्प्लांट म्हणजे वाकवता येणारे दोन दांडे. ते नेहमी कडकच राहतात, हवे तेव्हा वर आणि एरवी खाली वाकवून ठेवायचे. भारतात बनणारे या प्रकारचे शाह प्रोस्थेसिस परदेशी इम्प्लांटच्या तुलनेत बरेच स्वस्त पडते.

रुग्णाने अर्धताठर प्रकार निवडला. किंमत हे एक कारण होते. पंप शोधून दाबण्याचे नाजूक काम पुन्हा त्याच बधिर बोटांवर पडले असते, हे दुसरे. या निवडीची एक खरी उणी बाजू होती, आणि ती सर्जननी झाकली नाही: कायम कडक असणारा दांडा संवेदना कमी असलेल्या मधुमेही माणसात आतून कातडीवर दाब देत राहतो आणि क्वचित तो टोकाशी बाहेर येण्याची भीती असते. टोकाशी कातडी पातळ किंवा लालसर दिसली तर थांबू नये, हे त्यांना आणि पत्नीला दोघांनाही दाखवून दिले. लांबी वाढणार नाही, उलट पूर्वीच्या आठवणीपेक्षा थोडी कमी वाटेल. लिंगाचे टोक पूर्वीसारखे फुगणार नाही. पण स्पर्शाची जाणीव आणि तृप्ती जशी आधी होती तशीच राहील, हेही शस्त्रक्रियेपूर्वी सांगितले. भूलतज्ज्ञांना वाहक असल्याचे आवर्जून कळवले गेले.

कापूस विकून झाल्यावर शस्त्रक्रिया झाली. सगळा मिळून खर्च एक लाख चाळीस हजारांच्या आसपास आला आणि तो खिशातूनच करावा लागला.

निष्पत्ती

तिसऱ्या आठवड्यात टाक्याजवळ लाली आली. इम्प्लांटच्या बाबतीत ही काळजीची वेळ असते, कारण दांड्यांपर्यंत पोहोचलेला संसर्ग गोळ्यांनी सहसा बरा होत नाही आणि इम्प्लांट काढावे लागते. काय पाहायचे हे आधीच सांगितले होते: दिवसागणिक वाढणारे दुखणे, ताप, पू, आणि दांड्यावरची कातडी सरकेनाशी होऊन आत चिकटल्यासारखी होणे. यांतले काही नव्हते, दुखणे उतरणीला लागले होते आणि कातडी मोकळी सरकत होती. तरी त्यांना त्याच दिवशी नागपूरला पाठवले. लाली एका टाक्यापुरतीच निघाली आणि तो टाका काढल्यावर बसली.

सहा आठवड्यांनी संबंधांना परवानगी मिळाली. वर्षानंतरच्या भेटीत दोघेही समाधानी होते. तक्रार होती ती लपवण्याची: धोतरात काही कळत नाही, पण लग्नासाठी घातलेल्या पँटमध्ये अवघडल्यासारखे होते. घट्ट चड्डी घालून दांडे वरच्या बाजूला पोटाशी वळवून ठेवण्याची युक्ती त्यांनी स्वतः शोधली. पंप त्यांनी ठेवून दिला आहे, पण आता तो वापरायचा नाही, हे त्यांना सांगितलेले आहे.

कुठे वेगळे करता आले असते

पत्नीला पहिल्याच भेटीत बोलावले असते, तर गोळ्यांची चाचणीही वेगळ्या वातावरणात झाली असती. उत्तेजना ही गोळीची अट असताना जोडीदाराला अंधारात ठेवून दिलेली गोळी अर्ध्या तयारीने दिलेली असते. येथे मधुमेहाचे नुकसान पाहता निकाल कदाचित तोच आला असता, पण तसे ठामपणे म्हणता येत नाही.

सिकलसेलचा प्रश्न चिठ्ठी लिहिताना सुचला; तो ताठरतेच्या पहिल्या नोंदीतच असायला हवा होता. डॉपलरची गरजही तपासून पाहायला हवी होती. पुढचा उपचार पंप की इम्प्लांट हे ठरवताना डॉपलरच्या अहवालाने काहीही बदलले नसते, आणि ज्या तपासणीने उपचार बदलत नाही ती लिंगात सुई घालून करण्यात अर्थ नव्हता. लिंगाला बाक असता किंवा मार लागल्यानंतर अडचण सुरू झाली असती, तर गोष्ट वेगळी होती.

इंजेक्शनबाबत काही तज्ज्ञांचे मत याहून मोकळे आहे. त्यांच्या मते वाहकात धोका इतका कमी असतो की रुग्णालयाच्या जवळ राहणाऱ्या, समजूतदार माणसाला अगदी छोट्या डोसने ते देऊन पाहता येईल. नागपूर शहरात राहणाऱ्या वाहकासाठी हे मत विचारात घेण्याजोगे आहे. ८० किलोमीटरवरच्या या रुग्णासाठी मात्र आम्ही आजही तोच निर्णय घेऊ.

राहिला शुगरचा प्रश्न. ती ९.६ वरून ७.४ वर यायला आठ महिने लागले आणि तो काळ पंपामुळे निभावला. पंप जमला नसता, तर पत्नीला नुकतेच सर्व कळलेले असताना दोघांना आठ महिने काहीच हाती नसताना थांबावे लागले असते. म्हणून गोळ्यांची चाचणी सुरू करताना त्याच दिवशी शुगर आटोक्यात आणण्यासाठी इन्सुलिनचा विषयही काढावा, असे आता तालुक्याच्या दवाखान्यात ठरले आहे. गोळ्या चालल्या तरी शुगर खाली आल्याने नुकसान काहीच नाही, आणि नाही चालल्या तर शस्त्रक्रियेची वाट तेवढी जवळ आलेली असते.